चौकटी सारख्या, चेहरे लहान-मोठे: दहावीच्या वार्षिकांकातलं फोटोंचं पान कसं तपासायचं

ठाण्यातल्या एका मराठी शाळेच्या वार्षिकांकाचं काम मी बरीच वर्षं बघते. लेख, कविता, मुख्याध्यापकांचं मनोगत यांत चूक राहिली तर कोणी फार बोलत नाही, कारण ते वाचणारे थोडे. दहावीच्या फोटोंचं पान मात्र घरातलं प्रत्येक माणूस बघतं आणि आजी तर भिंग लावून बघते. दरवर्षी तक्रार येते ती याच पानाची: आमच्या मुलाचा फोटो बारका, नाव चुकलंय, आणि अमकीचा फोटो सहा ठिकाणी कसा?

गेल्या खेपेला दहावी ब चं जोडपान माझ्याकडे आलं तेव्हा तिन्ही तक्रारींना त्यात जागा होती. डाव्या पानावर एक्केचाळीस मुलांचे एकेकट्याचे फोटो, उजव्या पानावर वर्षभरातल्या चौदा प्रसंगांचं कोलाज. ते पान तपासलं तो क्रम इथे देते. लागतं काय, तर मिलिमीटरची पट्टी, ओव्हरहेड प्रोजेक्टरची एक पारदर्शक शीट (स्टेशनरीवाल्याकडे अजून मिळते), बारीक टोकाचं मार्कर पेन, वर्गाचं हजेरीपत्रक आणि वर्गशिक्षिकेचा एक तास. शेवटची वस्तू मिळवणं सगळ्यात अवघड.

आधी प्रूफ खऱ्या मापात छापा

मोबाईलवर पीडीएफ मोठी करून मापं कळत नाहीत. पान कागदावर हवं, आणि छापताना प्रिंटच्या खिडकीत `Fit` नाही तर `Actual size` निवडलेलं हवं. `Fit` ठेवलं की प्रिंटर कडेची जागा सोडण्यासाठी पान थोडं आकसून छापतो आणि तुमची पट्टी त्या दिवसापुरती खोटी ठरते. खात्री करायची तर पानावरची एखादी माहीत असलेली लांबी मोजा. आमच्या पानाच्या शीर्षकाखालची रेघ १८० मिमीची होती. ती कागदावर १८० भरली, मग पुढे गेलो.

डीटीपी करणाऱ्याकडून दोन गोष्टी लिहून घ्या: फोटोच्या चौकटीची रुंदी-उंची आणि नावाच्या अक्षराचा पॉइंट. उत्तरात एकच आकडा आला पाहिजे. "साधारण" हा शब्द आला की पट्टी काढायची.

चौकटी का बिघडतात

आमच्या डीटीपीवाल्या दादाने सहा फोटोंची एक रांग धरली होती. चौकट २६ मिमी रुंद, ३२.५ मिमी उंच, खाली नावाला ५ मिमी. दिसायला छान. पण ए-फोर पानातून समास आणि वरचं शीर्षक वजा केलं की फोटोंसाठी उरते साधारण २४५ मिमी उंची. एक्केचाळीस मुलांना सहाच्या सात रांगा लागतात. एक रांग ३७.५ मिमीची, म्हणजे सात रांगांना २६२.५ मिमी हवेत. तेवढी जागा नाही. मग त्याने केलं काय, तर वरच्या पाच रांगा तशाच ठेवल्या आणि खालच्या दोन दाबल्या. त्यांतल्या फोटोंची उंची पावणेचोवीस मिमीवर आली, कोणाचे केस कापले गेले तर कोणाची हनुवटी नावाला टेकली. शेवटच्या रांगेत पाचच मुलं उरली, म्हणून पाचव्याचा फोटो दुप्पट रुंद करून जागा भरून टाकली.

यात वाईट हेतू कुठेच नव्हता, जागा पुरली नाही एवढंच. पण त्या दोन रांगांत कोण होतं? शिंदे, सावंत, सूर्यवंशी, हिवाळे. आडनावाच्या अक्षरामुळे ही मुलं पहिलीपासून प्रत्येक यादीच्या शेवटी असतात, आणि पानावर जागा कमी पडली की कात्री नेहमी शेवटावरच चालते. म्हणून तपासणी शेवटच्या रांगेपासून सुरू करायची. पहिल्या रांगेतला एक फोटो आणि शेवटच्या रांगेतले सगळे फोटो मोजा. ते जुळले तर मधले बहुतेक जुळतातच.

उपाय गणिताचा आहे. रांगेत सातजण घेतले तर सहा रांगांत बेचाळीस चौकटी होतात. चौकट २२ मिमी रुंद आणि २७.५ मिमी उंच, खाली नावाला ९ मिमी, दोन रांगांत ४ मिमी अंतर. सहा रांगांचे २१९ आणि पाच अंतरांचे २०, मिळून २३९ मिमी. बसतं. फोटो आधीपेक्षा लहान झाले हे खरं, पण सगळ्यांचे एकदमच लहान झाले. मोठेच हवे असतील तर दोन पानं द्यावी लागतात, आणि ते पैसे शाळेकडे आहेत की नाहीत हे आधीच विचारून घ्यावं. तीस मोठे आणि अकरा छोटे ही तडजोड मात्र कधीच मान्य करू नका.

बेचाळिसावी चौकट रिकामी राहते. तिथे कुठल्याही मुलाला ताणायचं नाही. आम्ही त्या चौकटीत त्याच मापात 'दहावी ब' एवढंच लिहिलं. वर्गशिक्षिकेचा फोटोही चालतो, पण त्याच मापाचा.

चौकट सारखी म्हणजे चेहरा सारखा नव्हे

दुसरं प्रूफ घेऊन दादा आला तो जिंकल्यासारखा. "बाई, आता मोजा कुठूनही. सगळे बॉक्स सारखेच आहेत." मोजले, खरंच सारखे होते. तरी पान लांब धरून बघितलं की पाच-सहा मुलं पुढे आल्यासारखी वाटत होती आणि दोघं-तिघं पार मागे उभी असल्यासारखी. कारण चौकट एकच असली तरी कोणाचा फोटो खांद्यापर्यंतचा होता, कोणाचा कमरेपर्यंतचा. माणूस चौकट बघत नाही, चेहरा बघतो.

चेहऱ्याचं माप घेताना डोक्याच्या वरच्या टोकापासून मोजण्याचा मोह होतो. तो टाळा. कोणाचे केस फुगलेले असतात, कोणी पटका बांधलेला असतो, कोणी हिजाब घेतलेला असतो. तिथे डोकं कुठे संपतं ते कळत नाही, आणि पटक्यासकट मोजून चेहरा बसवला की त्या मुलाचा चेहरा इतरांपेक्षा लहान होतो. डोळ्यांच्या बाहुलीपासून हनुवटीच्या खालच्या टोकापर्यंत मोजा. हे अंतर सगळ्यांचं दिसतं, आणि डोक्याच्या एकूण उंचीच्या साधारण निम्मं भरतं.

आमच्या २७.५ मिमी उंचीच्या चौकटीसाठी मी डोळे ते हनुवटी ८ मिमी ठरवलं, अर्धा मिमी इकडे-तिकडे चालेल असं धरून. डोळ्यांची रेषा चौकटीच्या वरच्या कडेपासून ११ मिमीवर. आता पारदर्शक शीटवर २२ गुणिले २७.५ ची चौकट आखा, ११ मिमीवर एक आडवी रेघ काढा आणि तिच्याखाली ८ मिमीवर दुसरी. ही शीट प्रत्येक फोटोवर ठेवायची. डोळे पहिल्या रेघेवर आणि हनुवटी दुसऱ्या रेघेवर येत असेल तर फोटो बरोबर. नसेल तर प्रूफवर त्याच फोटोजवळ 'वर', 'खाली', 'मोठा' किंवा 'लहान' असं लिहा. 'नीट करा' असं लिहू नका, त्यातून डीटीपीवाल्याला काहीच कळत नाही. एक्केचाळीस फोटोंना मला वीस मिनिटं लागली.

निघालं काय? सगळ्यात लहान चेहऱ्यात ते अंतर ५ मिमी होतं, सगळ्यात मोठ्यात साडेनऊ. लांबीत जवळजवळ दुप्पट, पण चेहरा रुंदीतही वाढतो, म्हणून कागदावरची जागा साडेतीन पटींहून जास्त. सतरा फोटोंवर खूण झाली. मोठा चेहरा असलेली बहुतेक मुलं अशी होती ज्यांच्या पालकांनी स्टुडिओत काढलेला फोटो पाठवला होता. लहान चेहऱ्यांचे फोटो शाळेच्या गॅलरीत, फोनवर, लांबून काढलेले.

लहान चेहरा मोठा करायचा तर मूळ फोटोत तेवढा दम आहे का ते बघावं लागतं. छपाईसाठी इंचाला ३०० ठिपके धरले तर ८ मिमीत साधारण ९५ पिक्सेल बसतात. म्हणजे मूळ फोटोत डोळे ते हनुवटी ९५ पिक्सेल असतील तर उत्तम. साठ-पासष्टपर्यंत या छोट्या मापात निभावतं. त्याच्या खाली चेहरा मऊ, पुसट दिसतो. फोटोच्या दिवशी गैरहजर असलेल्या मुलाचा चेहरा वर्गाच्या एकत्रित फोटोतून कापून लावण्याची पद्धत आहे. तो फोटो व्हॉट्सॲपवरून आला असेल तर त्याची लांब बाजू बहुधा सुमारे १६०० पिक्सेलची. एका रांगेत बारा मुलं उभी असतील तर प्रत्येकाच्या डोळे-हनुवटी अंतराला तिसेक पिक्सेल मिळतात. तो चेहरा छापल्यावर धुक्यातला दिसणार, मग माप कितीही बरोबर असो. अशा मुलाचा फोटो परत काढा. खिडकीशेजारी उभं करायचं, मागे साधी भिंत, फोन डोळ्यांच्या उंचीवर, आणि फोटो व्हॉट्सॲपवर पाठवताना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायचा, म्हणजे तो आकसत नाही. पाच मिनिटांचं काम आहे.

उजेडाचंही बघा. वार्षिकांक बहुधा साध्या मॅपलिथो कागदावर छापतात. तो शाई शोषतो आणि शाई पसरते, त्यामुळे स्क्रीनवर ठीक दिसणारा फोटो कागदावर काळवंडतो. सावळ्या मुलांच्या फोटोत डोळे आणि भुवया एकमेकांत मिसळून जातात. प्रेसमधून त्याच कागदावर या एका पानाची झलक मागा आणि सावळ्या चेहऱ्यांत डोळ्यांची बाहुली वेगळी दिसते का ते बघा. दिसत नसेल तर त्या फोटोतला फक्त गडद भाग थोडा उजळायला सांगा. संपूर्ण चेहरा गोरा करायला नाही. फोनमधल्या ब्युटी मोडने गुळगुळीत झालेले दोन फोटो आमच्याकडे आले होते. ते परत पाठवले, आईचा थोडा राग ओढवून घेऊन.

नावं: आधी यादी, मग अक्षर, मग चेहरा

नावाची चूक तीन वेगळ्या ठिकाणी होते आणि ती तीन वेगळ्या वेळी शोधावी लागते. सगळं एकदम बघायला गेलं की काहीच सापडत नाही.

पहिलं, यादी. शाळेच्या जनरल रजिस्टरमधलं नाव आणि मुलगा वहीवर लिहितो ते नाव एकच असेल असं नाही. रजिस्टरमध्ये 'सुमित', वहीवर 'सुमीत'. वार्षिकांक हा दाखला नव्हे, त्यामुळे मूल आणि घरचे लिहितात तसं छापावं असं माझं मत आहे. पण ते तोंडी विचारायचं नाही. हजेरीपत्रकाची प्रत वर्गात फिरवायची, प्रत्येकाने आपलं नाव देवनागरीत स्वतःच्या हाताने लिहायचं आणि समोर सही करायची. पुढे वाद झाला तर हाच कागद कामाला येतो.

नावात वडिलांचं नाव घालायचं का? काही मुलं आईसोबत राहतात, काहींना नकोच असतं. सगळ्यांसाठी एकच पद्धत ठरवा, फक्त नाव आणि आडनाव. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत आईचं नावही आलं आहे, ती मुलं दहावीला येतील तेव्हा येतील. आत्ता अडचण एवढीच की ठाण्या-कळव्याच्या कुठल्याही वर्गात पाटील आणि म्हात्रे भरपूर, आणि आमच्या वर्गात सानिका पाटील दोन (नाव इथे बदललं आहे). दोघींनाच विचारलं. एकीने आईच्या नावाचं आद्याक्षर घेतलं, दुसरीने वडिलांच्या. एकीला अक्षर आणि दुसरीला काहीच नाही असं करू नका. नाहीतर बिनअक्षराची सानिका 'खरी' आणि दुसरी 'जादाची' वाटते.

क्रम हजेरी क्रमांकाने लावणार की आडनावाने, तेही ठरवा आणि पानाच्या वर बारीक अक्षरात लिहा: 'क्रम आडनावाच्या अकारविल्ह्याने'. एवढ्या एका ओळीने 'आमचा खाली का' हा प्रश्न निम्म्याने कमी होतो. यादी इंग्रजी स्पेलिंगवरून लावलेली असेल तर ती मराठीत विस्कटते. `Vaidya` आणि `Wagh` यांच्यात इंग्रजीत व्ही आणि डब्ल्यूचं अंतर पडतं, मराठीत दोघंही 'व' मध्येच. क्षीरसागर 'क' मध्ये धरायचे की शेवटी, हे तुम्हीच ठरवा. कॉम्प्युटर त्यांना बहुधा 'क' मध्ये टाकतो, आपल्याला मुळाक्षरांच्या शेवटी बघायची सवय. कुठेही ठेवा, पण अ, ब आणि क तुकडीत एकाच ठिकाणी ठेवा.

दुसरं, अक्षर. डीटीपीवाले अजूनही पुष्कळदा जुन्या फॉन्टमध्ये काम करतात आणि तुमची युनिकोड यादी रूपांतर करून घेतात. त्यात ठरावीक अक्षरं मोडतात. मी सगळी नावं वाचण्याआधी फक्त हीच शोधते: कऱ्हाडकरमधला ऱ्ह, सिद्धीमधला द्ध, हृषीकेशमधला हृ, ऋतुजामधला ऋ, ज्ञानेश्वरीमधला ज्ञ आणि ॲलनमधला ॲ. इनडिझाइनमध्ये काम असेल आणि वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला किंवा जोडाक्षर फुटलेलं दिसत असेल, तर परिच्छेदाच्या सेटिंगमध्ये `Adobe World-Ready Paragraph Composer` निवडलेलं नाही असं समजा. तेवढं बदललं की बहुतेक अक्षरं सरळ होतात.

अक्षराचा आकारही इथेच बघायचा. बावीस मिमीच्या चौकटीखाली एका ओळीत 'ईशा केणी' आरामात बसतं, 'ज्ञानेश्वरी सूर्यवंशी' बसत नाही. मग डीटीपीवाला तेवढंच नाव बारीक करतो किंवा 'ज्ञा. सूर्यवंशी' करतो. म्हणून पानाची रचना सगळ्यात लांब नावावरून करायची. आम्ही सगळ्यांना दोन ओळी दिल्या, वर नाव, खाली आडनाव, ८ पॉइंटमध्ये आणि दोन ओळींत ११ पॉइंटचं अंतर ठेवून. देवनागरीला वर मात्रा आणि खाली उकार लागतात, अंतर कमी केलं की पहिल्या ओळीचा उकार दुसरीच्या वेलांटीत अडकतो. दोन ओळी मिळून पावणेआठ मिमी होतात, म्हणून वर ९ मिमी धरले होते.

तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं, नाव त्याच चेहऱ्याखाली आहे का. आमच्या पहिल्या प्रूफमध्ये तेविसाव्या क्रमांकाचा फोटोच आला नव्हता. फोल्डरमध्ये तो नाही म्हटल्यावर चोविसाव्याचा फोटो तेविसाव्या जागी सरकला आणि तिथून पुढे एकूण एक नाव एका घराने घसरलं. अठरा मुलं दुसऱ्याच्या नावावर, आणि शेवटच्या चौकटीत जागा भरायला कुठूनसा आलेला एक फोटो दुसऱ्यांदा. वरवर बघणाऱ्याला काही कळत नाही, कारण पहिले बावीस बरोबर असतात आणि तपासणारा बहुधा पहिली रांग बघून समाधानाने मान डोलावतो.

यावर दोन गोष्टी करायच्या. फोटोच्या फाइलचं नाव तुकडी आणि हजेरी क्रमांकावरून द्यायचं, `10B_07.jpg` असं. `IMG-20250112-WA0034` असल्या नावावरून कोणाला काही कळत नाही. गैरहजर मुलासाठीही त्या क्रमांकाची कोरी फाइल ठेवायची, म्हणजे रांग सरकत नाही. आणि प्रूफ आल्यावर नावांवर कागदाच्या पट्ट्या टाकायच्या आणि वर्गशिक्षिकेला फक्त चेहरे दाखवायचे, शेवटच्या फोटोपासून पहिल्याकडे, उलट. ती नाव सांगेल, तुम्ही पट्टी सरकवून बघायचं. नाव दिसत असलं की डोळा ते वाचतो आणि चेहरा गृहीत धरतो. झाकलं की चेहरा बघावाच लागतो. जुळी भावंडं असतील तर मात्र वर्गशिक्षिकेवरही विसंबू नका, त्यांनाच बोलवा. आमच्या वर्गात एक जोडी होती आणि बाईंनी ठामपणे उलटं सांगितलं.

उजवं पान: कोण किती वेळा दिसतं

प्रसंगांच्या कोलाजमध्ये सगळे फोटो सारख्या मापाचे असू शकत नाहीत, असूही नयेत. तिथे प्रश्न वेगळा, कोण दिसतं आणि किती वेळा. हे नजरेने ठरवता येत नाही. आपल्याला जी मुलं चांगली ओळखीची, ती आपल्याला 'योग्य प्रमाणात' वाटतात.

म्हणून फोटोंची हजेरी घ्यायची. कोऱ्या हजेरीपत्रकात डावीकडे एक्केचाळीस नावं, वर फोटो क्रमांक एक ते चौदा. चेहरा ओळखू येत असेल तरच खूण. ओळखू येणं म्हणजे काय, तर दोन्ही डोळे दिसतात आणि छापील पानावर डोळे ते हनुवटी किमान ३ मिमी भरतं. पाठमोरं, अर्ध्यात कापलेलं किंवा कोणाच्या तरी खांद्यामागून डोकावणारं मूल धरायचं नाही. त्याची आईसुद्धा त्याला तिथे शोधत बसेल.

आमची बेरीज अशी निघाली: एक मुलगी सहा फोटोंत, दोन मुलगे पाच-पाच, आणि बारा जण कुठेच नाहीत. ती मुलगी संस्थेतल्या कोणाची तरी नातेवाईक आहे अशी कुजबुज लगेच सुरू झाली. खरं कारण साधं होतं. ती नृत्यात पहिल्या ओळीत, सूत्रसंचालनाला माइकसमोर, आणि तिच्या बाबांनी ग्रुपवर सगळ्यात जास्त फोटो टाकलेले. कोलाज करणाऱ्याने हाताला आले ते फोटो घेतले. नात्यागोत्यातून येणारा पक्षपात होतच नाही असं मी म्हणत नाही, पण बहुतेकदा तो फोटो कोणी काढले आणि कोणी पाठवले यातून येतो.

गायब असलेल्या बारा जणांना एकेक करून विचारलं, तुम्ही गॅदरिंगला कुठे होतात? पाच जण पडदा, साउंड आणि मेकअपला. तिघं रस्सीखेचीच्या फोटोत होते, पण पाठमोरे. दोघं खो-खोच्या संघात, त्या स्पर्धेचा एकही फोटो पानावर नव्हता. उरलेल्या दोघांना कार्यक्रमात पडायला आवडतच नाही.

मग बदल केले. एकाच नृत्याचे तीन फोटो होते, त्यांतला एक ठेवला. दोन जागा झाल्या. एकीत रंगमंचामागचा फोटो आला, साउंड बघणाऱ्या मुलाच्या फोनमध्येच तो सापडला. दुसरीत खो-खोचा संघ. रस्सीखेचीचा फोटो समोरच्या बाजूने काढलेला एका पालकाकडे होता, तो बदलून घेतला. राहिलेल्या दोघांना ग्रंथालयात पुस्तकं लावायला आवडतं, त्यांचा मधल्या सुट्टीत तिथेच फोटो काढला आणि फोटोखालच्या ओळीत 'ग्रंथालयात' असंच लिहिलं, गॅदरिंगमधला असल्याचं भासवलं नाही. तो बसवायला सूत्रसंचालनाचे दोन फोटो होते, त्यांतला एक गेला. नंतर पुन्हा हजेरी घेतली: जास्तीत जास्त तीन, कमीत कमी एक. तीनची मर्यादा काही शास्त्रोक्त नाही, चौदा फोटोंत ती जमते एवढंच.

मोजणीत न येणाऱ्या दोन जागा असतात. एक, सगळ्यात मोठा फोटो. तो एकट्या-दुकट्या मुलाचा नको, ज्यात सगळ्यात जास्त मुलं ओळखू येतात तो घ्या. गुणवंतांचं कौतुक करायचं असेल तर त्यांचं पान वेगळं असतंच. दुसरी, पानाची कड. बाहेरच्या कडेला कटिंगमध्ये ३ मिमी इकडेतिकडे होतात, आणि चिकटवलेल्या बांधणीत मधल्या घडीजवळचा भाग वाकून आत जातो. बाहेरून ६ मिमी आणि घडीकडून १२ मिमीच्या पट्ट्यात चेहरा नको. समूहफोटोत टोकाला उभं राहणारं मूल बहुधा लाजरं असतं, आणि कापलं जातं तेही तेच.

या पानावरच्या ओळींत 'व इतर' हा शब्द मी खोडते. सात जणांपर्यंत सगळी नावं लिहायची, 'डावीकडून' असं सांगून. दोन रांगा असतील तर 'बसलेले' आणि 'उभे'. त्याहून जास्त मुलं असतील तर एकाचंही नाव नको, फक्त प्रसंग लिहा: 'खो-खो संघ'. चार नावं आणि मग 'व इतर' म्हणजे उरलेल्यांना छापील पानावर इतर म्हणणं झालं.

ज्यांना फोटो नको

दरवर्षी एखाद-दुसऱ्या घरातून फोटो छापू नका असं येतं. कारण विचारू नका. अंकाची पीडीएफ फोनवर फिरणारच, आणि २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती अपेक्षित आहे, त्यामुळे लेखी होकार सगळ्यांकडूनच घ्या. नकार आला तर चौकट काढून टाकू नका. त्याच मापाची चौकट, हलक्या रंगाची, मध्ये नावाचं पहिलं अक्षर आणि खाली इतरांसारखंच नाव, तेही त्यांना चालत असेल तर. हाच नियम उजव्या पानालाही लागतो. डावीकडे चौकट झाकली आणि उजवीकडे तेच मूल कबड्डीत समोरून दिसतंय, ही चूक आम्ही एकदा केली आहे.

सही करण्याआधी आणि छापून आल्यावर

आमची प्रेस वागळे इस्टेटमध्ये आहे. दहावीचा निरोप समारंभ परीक्षेआधी, म्हणून जानेवारीत तिथे सगळ्या शाळांची एकच गर्दी. घाईत दुरुस्ती करताना एक चूक सुधारते आणि शेजारचा फोटो हलतो. म्हणून अंतिम प्रूफवर फक्त खुणा केलेल्या जागा बघून चालत नाही. पारदर्शक शीट पहिल्या आणि शेवटच्या रांगेवर परत फिरवायची, चेहरे एकदा मोजायचे, नावं वेगळी मोजायची. एक्केचाळीस आणि एक्केचाळीस भरले तरच सही. प्लेट निघाल्यावर दुरुस्ती म्हणजे नवी प्लेट आणि तिचे वेगळे पैसे.

एवढं करूनही छापून आल्यावर चूक निघते. दोन नावांची अदलाबदल झाली असेल तर पुढच्या वर्षीच्या अंकात दिलगिरी छापून उपयोग नाही, ती मुलं तोवर शाळेत नसतात. त्याच फॉन्टमध्ये, त्याच ८ पॉइंटात, २२ गुणिले ९ मिमीच्या चिकटपट्ट्या छापून घ्या आणि वाटपाआधी प्रत्येक प्रतीत लावा. तीनशे प्रती म्हणजे सहाशे पट्ट्या. सहा जण बसले तर एका दुपारचं काम आहे. पट्टी लावताना पहिल्या दहा प्रती स्वतः तपासा. आम्ही एकदा पट्ट्याही उलट लावायला सुरुवात केली होती.